मोंढ्यातल्या एका कार्डावरची आडवी रेघ

अंबाजोगाईच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानाच्या भावकार्डाचा फोटो माझ्याकडे आहे. वहीचं रेघी पान, निळी शाई, नऊ शेतमालांची नावं आणि प्रत्येकापुढे भाव. वरची कड फोटोत कापली गेली आहे. शिल्लक आहे ते एवढंच : ‘बुधवार, १२/१०’. साल नाही. दुकानमालकांच्या सांगण्यावरून इथे दुकानाचं नाव दिलेलं नाही आणि भावही थोडे बदलले आहेत. आकडे लिहिण्याची त्यांची ढब, खाडाखोड आणि रेघा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण सांगण्यासारखं सगळं त्यातच आहे.

काम साधं वाटत होतं. सोयाबीनपुढच्या ‘४१००-४९५०’ सारखा एका चौकटीतला मजकूर दोन रकान्यांत घालायचा, कमीत कमी दर आणि जास्तीत जास्त दर. राज्य कृषी पणन मंडळ रोजचे बाजारभाव देतं ते याच रकान्यांत, आणि शेजारी तिसरा ‘सर्वसाधारण दर’. जुनी कार्डं त्या रूपात आणली की वर्षावर्षांची तुलना करता येईल, असा हिशेब होता.

आधी साल ठरवलं. १२ ऑक्टोबरला बुधवार २०१६ मध्येही होता आणि २०२२ मध्येही. पण सोयाबीनच्या ओळीत कंसात ‘हमी ४३००’ लिहिलं आहे. सोयाबीनचा ४३०० रुपये हमीभाव २०२२-२३ च्या हंगामाचा. २०१६ ला तो तीन हजारांच्याही आत होता. म्हणजे कार्ड १२ ऑक्टोबर २०२२ चं. ही माहिती नुसती हौसेची नाही. पुढे एका ओळीचा निकाल तारखेवरूनच लावावा लागला.

फोटोतली अक्षरं संगणकाकडून वाचून घेतली, अंक इंग्रजी केले आणि सगळं गूगल शीट्समध्ये एका रकान्यात चिकटवलं. पहिला फटका तिथेच बसला. तिळाच्या ओळीत ‘१०-१२’ होतं, त्याची पत्रकानं १० डिसेंबर ही तारीख करून टाकली. पत्रकाच्या पोटात तारीख म्हणजे दिवसांची मोजणी असते. १० डिसेंबर २०२२ साठी ती ४४९०५ येते. त्या आकड्यावरून मूळचे दहा आणि बारा ओळखणं कठीण. हे सगळ्यांच्या बाबतीत होत नाही, हीच यातली खोड. ‘१०-२०’ लिहिलं असतं तर विसावा महिना नसल्यामुळे ते मजकूर म्हणूनच राहिलं असतं. ‘२१-२६’ तसंच सुटतं. बारापर्यंतचे आकडेच तेवढे तारखेत गडप होतात, आणि वरवर पाहणाऱ्याला बाकीचा रकाना धडधाकट दिसतो. उपाय चिकटवण्याआधीचा आहे : रकान्याचा प्रकार ‘प्लेन टेक्स्ट’ करायचा, मग मजकूर आणायचा. नंतर प्रकार बदलून गेलेलं परत येईलच असं नाही. मी पत्रक पुसून पुन्हा सुरुवात केली.

या वेळी ‘अ’ रकान्यात मालाचं नाव, ‘ब’ मध्ये कंसातला हमीभाव वेगळा काढून बाकी कार्डावर जसं लिहिलंय तसं, आणि ‘ब’ ला पुढे कधीही हात लावायचा नाही असं ठरवलं. पुढच्या रकान्यात हे सूत्र :

```
=ARRAYFORMULA(VALUE(REGEXEXTRACT(B2,"^\s*(\d+)\s*[-–—]\s*(\d+)\s*$")))
```

सुरुवातीला अंक, मध्ये तीनपैकी कोणतीही एक रेघ, शेवटी अंक, आणि दुसरं काहीही नाही. असं असेल तरच तोडा, असा त्याचा अर्थ. रेघा तीन द्याव्या लागतात, कारण डोळ्यांना एकच दिसणारी रेघ यंत्र कधी आखूड वाचतं, कधी लांब. दोन कंस असल्यामुळे उत्तर आपोआप शेजारशेजारच्या दोन चौकटींत पडतं. `VALUE` नसेल तर हाती आलेले आकडे मजकूरच राहतात, आणि मजकुराच्या तुलनेत ९५० हे ४१०० पेक्षा मोठं ठरतं. देवनागरी अंक या सूत्राला दिसतच नाहीत, म्हणून ते आधी बदलून घेतले होते.

नऊ ओळींवर सूत्र फिरवलं. सोयाबीन (कंसातला हमीभाव वेगळ्या रकान्यात काढल्यावर), तूर आणि उडीद या तीन ओळी बिनतक्रार तुटल्या. तीन ओळींवर सूत्र थांबलं. उरलेल्या तीन ओळी त्यानं तोडल्या, पण चुकीच्या.

थांबलेल्या ओळींचा त्रास कमी. मुगापुढे ‘७२००/-’ होतं. आपल्याकडे रकमेनंतर तिरकी आणि आडवी रेघ मारायची जुनी सवय आहे. पुढे कोणी अंक वाढवू नये म्हणून. ती रेघ पल्ल्याची नव्हेच. मुगाचा एकच भाव आहे, तो दोन्ही रकान्यांत घातला आणि शेरा लिहिला ‘एकच भाव नोंद’. हा शेरा नसता तर दिवसभरात भाव हललाच नाही असा अर्थ कोणी काढला असता. खरं कारण एवढंच असू शकतं की एकच वक्कल आलं. करडईपुढे नुसती रेघ. म्हणजे आवक नाही. तिथे दोन्ही रकाने रिकामे. शून्य घातलं तर पुढे सरासरी काढणारा करडई फुकट विकली गेली असं धरेल. गव्हाची ओळ `22002500` अशी आली होती. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा कारण कळलं. लिहिणाऱ्याची रेघ वहीच्या छापील रेघेवर नेमकी बसली होती, आणि वाचणाऱ्या यंत्रानं पानाच्या रेघा पुसताना तीही पुसली. २२०० आणि २५००.

खरी डोकेदुखी चुकीच्या तुटलेल्या तीन ओळींची, कारण तिथे सूत्र कुरकुरत नाही. हरभऱ्यापुढे ‘४३००-५०’ होतं. रकान्यांत आलं ४३०० आणि ५०. ही चूक निदान पकडता येते : जास्तीत जास्त दर कमीत कमीपेक्षा लहान असेल ती ओळ लाल करा, एवढी एक अट पुरते. ज्वारीपुढे ‘२१-२६’ आणि तिळापुढे मघाचेच ‘१०-१२’. इथे लहान-मोठ्याची अट सुखाने पार होते आणि ज्वारी एकवीस रुपये क्विंटल विकली जाते. हे सापडतं ते अंकांची संख्या मोजल्यावर : सगळा रकाना चार-आकडी, आणि मध्येच दोन-आकडी कसे?

ज्वारीचा उलगडा गमतीचा आहे. लिहिणाऱ्यानं शेकड्यांत भाव लिहिला असेल तर २१०० ते २६०० रुपये क्विंटल. किलोचा भाव लिहिला असेल तरीही क्विंटलला शंभर किलो म्हणून २१०० ते २६००. त्याच्या मनात काय होतं हे न कळताही उत्तर एकच येतं. इतिहास लिहिणाऱ्याला असं भाग्य क्वचित लाभतं. तिळाला ते लाभलं नाही. शेकड्यांत धरलं तर हजार-बाराशे रुपये क्विंटल, म्हणजे ज्वारीच्या निम्मा. तीळ ज्वारीहून स्वस्त असणं अशक्य, म्हणून हजारांत : १०००० ते १२०००.

हरभऱ्याचं ‘५०’ मात्र दोन बाजूंनी ओढतं. मागचे दोनच अंक लिहिले असतील तर ४३५०. पण ज्वारीसारखं लिहिणारा शेकड्यांत घसरला असेल तर ५०, म्हणजे ५०००. एका वाचनात पल्ला पन्नास रुपयांचा, दुसऱ्यात सातशेचा. याच हाताचं दुसऱ्या दिवसाचं कार्ड माझ्याकडे आहे, आणि तारीख आधीच ठरवल्यामुळे ते दुसऱ्या दिवसाचं आहे हेही खात्रीनं सांगता येतं. त्यात हरभरा पूर्ण लिहिलेला आहे : ४३००-४४००. शिवाय जिथे लिहिणारा शेकड्यांत लिहितो तिथे दोन्ही बाजू शेकड्यांत असतात. अर्धी इकडे, अर्धी तिकडे असं त्यानं दुसरीकडे कुठेच केलेलं नाही. म्हणून ४३५०. पण शेऱ्यात लिहिलंय ‘अनुमान’, आणि ज्या कार्डाच्या आधारे ते केलं त्याची तारीखही.

कार्डाच्या तळाशी हमालीचे दर आहेत : ‘१०-२० कट्टे’, ‘२०-३० कट्टे’ अशा पायऱ्या. दिसायला हीच रेघ, पण काम निराळं. भावातली रेघ त्या दिवशी काय घडलं ते सांगते. हमालीतली रेघ पुढच्यासाठी नियम करते. आणि नियमाला विचारावं लागतं की वीस कट्टे कोणत्या पायरीवर? महावितरणच्या घरगुती वीजदरात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० अशा पायऱ्या असतात, त्यात हा प्रश्न उरत नाही. या कार्डावर उरतो. मी १० आणि २०, २० आणि ३० असंच तोडलं, वीसचं एकोणीस केलं नाही. महावितरणच्या शेवटच्या ‘५०० च्या वर’ सारख्या पायरीत जास्तीत जास्तचा रकाना रिकामा सोडावा. ९९९९ भरायची पद्धत आहे, पण तो आकडा पुढे कोणाच्या तरी बेरजेत जाऊन बसतो.

अंबाजोगाई निजामाच्या राज्यात मोमिनाबाद होती, त्या काळाची नोंद हाती घेणाऱ्यानं आणखी एक गोष्ट पाहावी. तेव्हा धान्याचा भाव बऱ्याचदा रुपयाला किती शेर असा लिहिला जाई. तिथे ‘१०-१२ शेर’ असेल तर लहान आकडा महागाईचा आणि मोठा स्वस्ताईचा. बारा शेरांच्या भावानं शेर एक आणा चार पैला पडतो, दहा शेरांच्या भावानं एक आणा सात पैच्या थोडा वर. म्हणजे १० हा आकडा जास्तीत जास्त दराच्या रकान्याचा. सूत्र इथेही हसतमुखानं उलटं तोडून देईल, आणि लहान-मोठ्याची अटही गप्प राहील.

रकाने भरून झाल्यावर एका मित्रानं दोन्हींची सरासरी काढून ‘सर्वसाधारण दर’ही भरून टाकायला सांगितलं. सोयाबीनची ती ४५२५ येते. ते मी केलं नाही. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावानं बराचसा माल गेला तो. ऑक्टोबरात ओल्या सोयाबीनचं एखादं वक्कल ४१०० ला गेलं आणि बाकी सगळा माल ४८०० च्या पुढे विकला, तरी कार्डावर पल्ला हाच दिसेल. दोन टोकांवरून मधली गर्दी कळत नाही. कार्डावर तो आकडा नाही, म्हणून पत्रकातही नाही.

ज्यांच्या घरी, दुकानात मोंढ्यातली अशी कार्डं असतील त्यांना एकच विनंती. फोटो काढताना पान सरळ ठेवा आणि वरची तारखेची ओळ कापू नका.