कागदावरचा बिघा आणि गुंठा

परवा एक ताई वाटणीपत्राची जुनी प्रत घेऊन आल्या. वडिलांची जमीन '१-२०' लिहिलेली होती. त्या तिघी बहिणी. घरातल्या जाणत्यांनी ते सव्वा एकराच्या आतबाहेर धरून प्रत्येकीला सोळा गुंठे सांगितले होते. हिशेब कुठे चुकला, ते कळायला जरा मागे जावं लागतं.

पूर्वी आपल्याकडे जमीन काठीनं मोजत. काठी म्हणजे पाच हात आणि पाच मुठी, साधारण नऊ फूट. वीस चौरस काठ्यांचा एक पांड आणि वीस पांडांचा एक बिघा. पण हात कुणाचा, मूठ कुणाची? म्हणून काठी मुलखागणिक बदले आणि बिघाही बदले. वरच्या काठीनं तो पाऊण एकराच्या आसपास येतो, पण हे प्रत्येक गावाला लागू पडेलच असं नाही. आजोबांच्या मोडी कागदात 'दोन बिघे' दिसले, तर गुणाकार करून हक्क सांगू नका. चतुःसीमा वाचा. ओढा, बांध, शेजाऱ्याचं शेत यांवरून आजचा गट नंबर शोधा.

इंग्रजी अमलात, १८३५-३६ च्या सुमारास इंदापूरकडून नवी मोजणी सुरू झाली. काठीच्या जागी तेहतीस फुटांची लोखंडी साखळी आली. तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. तेहतीस गुणिले तेहतीस, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर.

आता ताईंचा कागद पाहा. '१-२०' म्हणजे एक एकर वीस गुंठे, एक पूर्णांक दोन दशांश एकर नव्हे. चाळीस आणि वीस मिळून साठ गुंठे. तिघींत वाटले तर प्रत्येकीला वीस. घरच्यांनी १.२ एकर, म्हणजे अठ्ठेचाळीस गुंठे धरले, म्हणून सोळा आले. प्रत्येकीचे चार गुंठे, ४३५६ चौरस फूट, एका टिंबात गेले. शंभर गुंठ्यांचा एकर असता तर टिंब चाललं असतं.

आजच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर मध्ये असतं. शंभर आरांचा एक हेक्टर. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि गुंठा त्याहून किंचित मोठा, १०१.१७ चौरस मीटर. ताईंच्या साठ गुंठ्यांचे ६०.७० आर होतात. त्यांनी सातबारा काढला, तर तिथे बरोबर ०.६०.७० होतं. दोन्ही कागद जुळले.

सातबाऱ्यावर आकडा बराच कमी निघाला, तर आधी फेरफार पाहा. मध्ये काही विकलं गेलं का, रस्त्याला गेलं का, हे तिथे कळतं. आणि हक्कसोडपत्रावर सही मागितली, तर पहिलं विचारा: हा आकडा एकर-गुंठ्यांचा की हेक्टर-आरचा? उत्तर मिळेपर्यंत पेन उघडू नका.