स्वयंसंगत क्षेत्र पद्धती

अनेक इलेक्ट्रॉन असलेल्या अणूचे श्रोडिंजर समीकरण तंतोतंत सोडवता येत नाही, कारण प्रत्येक इलेक्ट्रॉन इतर सर्वांना दूर लोटत असतो. डग्लस हार्ट्री यांनी १९२८ मध्ये यावर मार्ग काढला: प्रत्येक इलेक्ट्रॉन इतरांच्या सरासरी विद्युत्‌क्षेत्रात फिरतो असे मानायचे. पुढे १९३० मध्ये व्लादिमीर फॉक यांनी पाउली तत्त्वानुसार येणारे विनिमय पद त्यात जोडले.

हीलियममध्ये दोन्ही इलेक्ट्रॉनांसाठी एकच कक्षक अंदाजाने धरतात. त्यावरून एका इलेक्ट्रॉनाचा विद्युत्‌भार अवकाशात कसा पसरला आहे ते काढतात आणि त्या क्षेत्रात दुसऱ्याचे समीकरण सोडवतात. मिळालेला कक्षक पुन्हा पहिल्या पायरीत घालायचा. आधीचा व नंतरचा कक्षक जुळला, की क्षेत्र स्वयंसंगत झाले.

या मार्गाने हीलियमची ऊर्जा −७७.८७ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. अचूक अ-सापेक्षीय मूल्य −७९.०१ आहे. मधले १.१४ इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे सहसंबंध ऊर्जा. एक इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या एका बाजूला असताना दुसरा पलीकडे सरकतो, पण सरासरी क्षेत्राला त्याचा पत्ता नसतो. समान परिवलनाच्या इलेक्ट्रॉनांना विनिमय पद एकमेकांपासून दूर ठेवते. हीलियममधील इलेक्ट्रॉनांची परिवलने विरुद्ध असल्याने तेही उपयोगी पडत नाही.

ही तूट एकूण ऊर्जेच्या दीड टक्क्याहून कमी असली, तरी क्षुल्लक नव्हे. हायड्रोजनचा ऋण आयन प्रत्यक्षात स्थिर आहे. ही पद्धत मात्र त्याची ऊर्जा उदासीन अणूपेक्षा जास्त दाखवते, म्हणजे तो टिकूच नये असे सांगते.