सुपरहेटरोडाइन ग्राही : मध्यस्थ कंप्रता व प्रतिमा कंप्रता

आकाशकाने पकडलेल्या रेडिओ तरंगाची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) कोणतीही असली, तरी तिचे एकाच ठराविक कंप्रतेत रूपांतर करून मग त्या संकेताचे विवर्धन (प्रबलता वाढविण्याची क्रिया) व निवड करणाऱ्या रेडिओ ग्राहीस सुपरहेटरोडाइन ग्राही म्हणतात. या ठराविक कंप्रतेस मध्यस्थ कंप्रता ही संज्ञा आहे, कारण तिचे स्थान मूळ रेडिओ कंप्रता व ऐकू येणारी ध्वनी कंप्रता यांच्या दरम्यान असते. या रूपांतराबरोबरच एक अंगभूत दोषही ग्राहीत येतो. हव्या असलेल्या केंद्राखेरीज आणखी एका कंप्रतेवरील संकेताचेही त्याच मध्यस्थ कंप्रतेत रूपांतर होते. या दुसऱ्या कंप्रतेस प्रतिमा कंप्रता म्हणतात. मध्यस्थ कंप्रतेचे मूल्य गेल्या शतकभरात वेळोवेळी बदलत गेले, त्यामागे मुख्यत्वे या प्रतिमेचे निवारण हेच कारण होते.

उगम : दोन भिन्न कंप्रतांचे तरंग एकत्र आणून त्यांच्या फरकाइतक्या कंप्रतेचा स्वर मिळविण्याची कल्पना आर. ए. फेसेंडेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडली. ‘अन्य’ व ‘शक्ती’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्यांनी तिला ‘हेटरोडाइन’ हे नाव दिले. फेसेंडेन यांच्या पद्धतीत फरकाची कंप्रता कानाला ऐकू येईल अशी ठेवलेली असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात वेगळीच अडचण उभी राहिली. त्या वेळच्या त्रिप्रस्थ निर्वात नलिकांच्या प्रस्थांमधील अंगभूत धारणेमुळे (विद्युत् भार साठविण्याच्या क्षमतेमुळे) उच्च कंप्रतेवर नलिकेच्या प्रदानातील ऊर्जा आदानाकडे परत येई आणि विवर्धक स्वतःच आंदोलने निर्माण करू लागे. त्यामुळे सु. १,००० किलोहर्ट्‌झच्या आसपासचे व त्याहून उच्च कंप्रतेचे दुर्बल संकेत वाढविणे जवळजवळ अशक्य होते.

अमेरिकी सैन्याच्या संदेशवहन दलातील अधिकारी एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये पॅरिस येथे या अडचणीवर उपाय काढला. उच्च कंप्रता वाढविता येत नसेल, तर तीच अगोदर कमी करावी आणि मग नलिकांना झेपेल अशा कंप्रतेवर विवर्धन करावे, असा हा विचार होता. फरकाची कंप्रता येथे श्रवणमर्यादेच्या वर ठेवलेली असल्याने नावामागे ‘सुपर’ हा उपसर्ग लागला. फ्रान्समधील ल्यूसँ लेव्ही यांनी १९१७ मध्येच याच्याशी निकट असलेल्या पद्धतीच्या एकस्वासाठी (पेटंटासाठी) अर्ज केला होता, तर जर्मनीत व्हाल्टर शॉट्‌की हेही १९१८ मध्ये स्वतंत्रपणे याच कल्पनेपर्यंत पोहोचले होते. आर्मस्ट्राँग यांना १९२० मध्ये अमेरिकी एकस्व मिळाले. तथापि पुढे झालेल्या वादात त्यातील बहुतेक दाव्यांचा अग्रहक्क लेव्ही यांच्याकडे गेला. प्रत्यक्ष चालणारा ग्राही बांधून तो उपयोगात आणण्याचे श्रेय मात्र सामान्यतः आर्मस्ट्राँग यांनाच दिले जाते.

कंप्रतेचे रूपांतर : ग्राहीमध्ये एक लहान आंदोलक असतो व त्यास स्थानिक आंदोलक म्हणतात. त्याची आंदोलने व आकाशकाकडून आलेला संकेत ही दोन्ही मिश्रकास पुरविली जातात. मिश्रक ही अशी नलिका किंवा असा ट्रँझिस्टर असतो की, त्याचे प्रदान दोन्ही आदानांच्या गुणाकारावर अवलंबून असते. दोन तरंगांचा गुणाकार केल्यास त्यांच्या कंप्रतांची बेरीज व वजाबाकी असलेले दोन नवे तरंग निर्माण होतात, हे त्रिकोणमितीवरून सिद्ध करता येते. यांपैकी बहुधा वजाबाकीचा तरंग निवडला जातो. मूळ संकेतावर असलेले भाषणाचे वा संगीताचे चढउतार या नव्या तरंगावर जसेच्या तसे उतरतात.

आकाशवाणीच्या मुंबई केंद्राचा एक कार्यक्रम अनेक वर्षे मध्यम तरंगांवर ५५८ किलोहर्ट्‌झ या कंप्रतेने प्रक्षेपित होत आला. ४५५ किलोहर्ट्‌झ ही मध्यस्थ कंप्रता असलेल्या ग्राहीने तो ऐकावयाचा झाल्यास स्थानिक आंदोलक १,०१३ किलोहर्ट्‌झवर ठेवावा लागतो, कारण १,०१३ – ५५८ = ४५५. श्रोता केंद्र बदलतो तेव्हा आदान मंडल व आंदोलक यांची धारित्रे एकाच दांड्यावर फिरतात आणि दोहोंतील ४५५ चे अंतर कायम राहते. त्यामुळे पुढील सर्व विवर्धक मंडले कारखान्यात एकदाच ४५५ किलोहर्ट्‌झशी मेलित करून ठेवता येतात. नऊ किलोहर्ट्‌झ अंतरावरील शेजारचे केंद्र वगळावयाचे असेल, तर ४५५ च्या मानाने ते अंतर दोन टक्के भरते. लघुतरंगांवर १५,००० किलोहर्ट्‌झच्या मानाने मात्र ते एक टक्क्याचा सोळावा हिस्साच असते. म्हणून कंप्रता खाली आणल्यावर निवड पुष्कळच सोपी होते.

आंदोलक संकेताच्या वरच्या बाजूस ठेवण्यास व्यावहारिक कारण आहे. मध्यम तरंगांचा पट्टा ५३१ ते १,६०२ किलोहर्ट्‌झ धरल्यास वरच्या बाजूचा आंदोलक ९८६ ते २,०५७ पर्यंत, म्हणजे सु. दुपटीने बदलावा लागतो. तो खालच्या बाजूस ठेवला, तर ७६ ते १,१४७ असा पंधरा पटींचा पल्ला लागेल व त्यासाठी धारित्राची धारणा दोनशे पटींहून अधिक बदलावी लागेल. असे धारित्र बनविणे व्यवहार्य नाही.

प्रतिमेची उत्पत्ती : वजाबाकी करताना मिश्रकास कोणती संख्या मोठी व कोणती लहान हे कळत नाही. आंदोलक १,०१३ वर असताना १,४६८ किलोहर्ट्‌झवरील संकेतापासूनही १,४६८ – १,०१३ = ४५५ ही मध्यस्थ कंप्रताच मिळते. आरशातील प्रतिमा जशी आरशामागे तितक्याच अंतरावर दिसते, तशी ही दुसरी कंप्रता आंदोलकाच्या पलीकडे तितक्याच अंतरावर असते. हव्या असलेल्या केंद्रापासून तिचे अंतर मध्यस्थ कंप्रतेच्या दुप्पट, येथे ९१० किलोहर्ट्‌झ असते. मिश्रकातून बाहेर पडल्यावर दोन्ही संकेत एकाच कंप्रतेवर आल्यामुळे नंतरचे कितीही चांगले गाळक त्यांना वेगळे करू शकत नाहीत. प्रतिमेचे निवारण मिश्रकाच्या आधीच, आकाशकाजवळील मेलित मंडलात व्हावे लागते.

हे मंडल प्रतिमेस किती दाबते, ते मंडलाच्या तीक्ष्णतेवर व प्रतिमेच्या अंतरावर अवलंबून असते. गुणता घटक (मंडलाच्या तीक्ष्णतेचे माप) ५० असलेले एकच मंडल ५५८ किलोहर्ट्‌झशी मेलित केले आहे असे समजल्यास मध्यस्थ कंप्रता ४५ किलोहर्ट्‌झ असताना प्रतिमा ६४८ वर पडते व तिचा विद्युत् दाब हव्या संकेताच्या तुलनेत सु. १५ पटींनीच कमी होतो. मध्यस्थ कंप्रता १७५ केल्यास प्रतिमा ९०८ वर जाते व सु. ५१ पटींनी दबते. ४५५ केल्यास ती १,४६८ वर जाऊन सु. ११२ पटींनी दबते. मंडल तेच असून केवळ मध्यस्थ कंप्रता वाढविल्याने हा लाभ होतो.

मध्यस्थ कंप्रतेचा विकास : अमेरिकेत १९२४ मध्ये विक्रीस आलेल्या पहिल्या घरगुती सुपरहेटरोडाइन ग्राहींत मध्यस्थ कंप्रता सु. ४० ते ५० किलोहर्ट्‌झ होती, कारण तत्कालीन नलिका तेथेच स्थिरपणे काम करीत. आंदोलकासाठी स्वतंत्र तबकडी असलेल्या संचांत एकच केंद्र त्या तबकडीवर दोन जागी लागे. एकदा आंदोलक केंद्राच्या वर असताना व एकदा खाली असताना. प्रक्षेपण केंद्रांची संख्या वाढली तशी ही स्थिती असह्य झाली. जालिकेने प्रस्थांमधील धारणा कमी केलेल्या चार व पाच प्रस्थांच्या नलिका आल्यावर अधिक उच्च कंप्रतेवर विवर्धन शक्य झाले. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत १७५ किलोहर्ट्‌झ आणि त्यानंतर ४५० ते ४७० च्या दरम्यानची मूल्ये रूढ झाली. मध्यम तरंगांचा पट्टा व जहाजांच्या संकटसंदेशांसाठी दीर्घकाळ राखून ठेवलेली ५०० किलोहर्ट्‌झ ही कंप्रता या दोहोंच्या खालील ही जागा सोयीची होती. मध्यस्थ कंप्रतेवरच एखादे बलवान केंद्र असल्यास त्याचा संकेत रूपांतराशिवाय थेट आत शिरतो, म्हणून तेही टाळावे लागते.

दोषाची ओळख : मध्यम तरंगांवर प्रतिमेची खूण म्हणजे शीळ होय. भारतासह अनेक देशांत केंद्रे नऊ किलोहर्ट्‌झच्या टप्प्यांनी बसविलेली असतात. ५५८ पासून १०१ टप्प्यांवर १,४६७ ही कंप्रता येते. तेथे दूरचे पण बलवान केंद्र असल्यास रात्री त्याचा संकेत १,४६७ – १,०१३ = ४५४ किलोहर्ट्‌झ होऊन आत येतो व ४५५ वरील मूळ संकेताशी मिसळून एक किलोहर्ट्‌झची शीळ ऐकू येते. मेलनाची कळ किंचित फिरवून आंदोलक अर्धा किलोहर्ट्‌झ वर नेला, तर एक संकेत ४५५·५ वर चढतो व दुसरा ४५३·५ वर उतरतो; शीळ दोन किलोहर्ट्‌झची होते. तेवढाच खाली आणल्यास दोन्ही ४५४·५ वर येऊन शीळ नाहीशी होते. शेजारच्या केंद्रामुळे होणारी शीळ कळ फिरविताना अशी बदलत नाही, कारण त्या वेळी दोन्ही संकेत एकाच दिशेने सरकतात.

लघुतरंगांवर ४५५ किलोहर्ट्‌झ अपुरे पडतात. एकच मेलित मंडल असलेल्या साध्या संचात १५·२० मेगॅहर्ट्‌झवरील बलवान प्रक्षेपण तबकडीवर १४·२९ मेगॅहर्ट्‌झला, म्हणजे हौशी रेडिओचालकांच्या पट्ट्यातही ऐकू येते. या ठिकाणी ५० गुणता घटकाचे मंडल प्रतिमेस जेमतेम सहा पटींनीच दाबते. एखादे केंद्र तबकडीवर आपल्या जागेखेरीज ९१० किलोहर्ट्‌झ खालीही लागले, तर तेथील आवाज ही त्याची प्रतिमा असण्याचा संभव अधिक असतो.

पुढील उपाय : यावर पहिला उपाय म्हणजे मिश्रकाआधी आणखी मेलित मंडले घालणे. दुसरा उपाय दुहेरी रूपांतराचा आहे. त्यात प्रथम उच्च मध्यस्थ कंप्रता घेऊन प्रतिमा दूर ढकलली जाते व नंतर निम्न कंप्रतेवर शेजारच्या केंद्रांपासून निवड केली जाते. व्यावसायिक लघुतरंग ग्राहींत पहिली मध्यस्थ कंप्रता संपूर्ण लघुतरंग पट्ट्याच्याही वर, ४० मेगॅहर्ट्‌झ वा त्याहून अधिक ठेवण्याची पद्धत रूढ झाली. एफ. एम. प्रक्षेपणासाठी १०·७ मेगॅहर्ट्‌झ हे मूल्य स्वीकारले गेले. त्याची दुप्पट २१·४ मेगॅहर्ट्‌झ ही ८८ ते १०८ मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्याच्या २० मेगॅहर्ट्‌झ रुंदीहून अधिक असल्याने एक एफ. एम. केंद्र दुसऱ्याची प्रतिमा होऊ शकत नाही. मात्र पट्ट्याच्या वर असलेल्या विमान वाहतुकीच्या संकेतांची प्रतिमा निकृष्ट संचांत क्वचित ऐकू येते.

तिसऱ्या उपायात गाळकाऐवजी कला (आंदोलनाची स्थिती) वापरतात. चौथाई आवर्तनाचा फरक असलेल्या दोन आंदोलनांनी संकेताचे दोनदा मिश्रण करून व पुन्हा तेवढाच कलाफरक देऊन बेरीज केल्यास हवे संकेत परस्परांत मिळतात आणि प्रतिमेचे संकेत एकमेकांस छेदतात. ही जुनी कल्पना संकलित मंडलांत उपयोगी ठरली. एकाच चकतीवरील दोन शाखा जवळजवळ सारख्या बनविता येतात. तरीही छेद पूर्ण होत नाही. दोन शाखांच्या कलेत एका अंशाची चूक राहिली, तर प्रतिमा सु. ११५ पटींनीच दबते, म्हणजे ५५८ किलोहर्ट्‌झसाठी ४५५ किलोहर्ट्‌झच्या जुन्या संचातील एका मेलित मंडलाइतकीच.