सातवं अक्षर कुठे बसवायचं?

आजचा भाग पिंगुळीचा. कुडाळजवळचं हे गाव ठाकर समाजाच्या चित्रकथीसाठी ओळखलं जातं. पोथीतलं एकेक चित्र पुढे धरायचं आणि रामायण-महाभारतातली कथा गाऊन-बोलून सांगायची. तिथून परत येताना मला वाटलं, आपणही चार ओळी लिहाव्यात. लिहिल्या. गावच्या भजनात म्हणायला गेलो आणि दुसऱ्याच कडव्यात अडकलो. का अडकलो, त्याचं उत्तर सातशे वर्षं जुनं आहे.

ज्ञानेश्वरी १२९० सालची. तिच्या ओवीत तीन चरणांना यमक आणि चौथा चरण आखूड. पण अक्षरं मोजून बांधलेली नाहीत, एखादी ओवी लांब, एखादी छोटी. एकट्याने वाचताना ते चालतं. पण टाळ घेऊन वीस माणसं एकत्र गाणार असतील, तर प्रत्येकाला पुढची ओळ कुठे संपणार ते आधीच ठाऊक हवं. अभंगात हा हिशेब पक्का झाला. मोठ्या अभंगाचे चार चरण: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. नामदेवांच्या नावावरच्या एका अभंगात अभंगाची ही मोजणीच सांगितली आहे.

आता माझ्या ओळी बघा:

दिव्याच्या उजेडी / चामड्याचा राम / सोडुनिया धाम / चाले वनी

मोजा. ‘व्या’, ‘ड्या’ ही जोडाक्षरं एकच धरायची. ऱ्हस्व-दीर्घही सारखंच. आणि इथे बरेच जण चुकतात: बोलताना आपण ‘राम्’ म्हणतो, पण गाताना ‘रा-म’, म्हणजे दोन. बोलण्यावरून मोजलंत तर हिशेब चुकणारच. शेवटच्या चरणात दोन अक्षरं कमी, तिथे स्वर लांबवायचा, श्वास घ्यायचा.

दुसरं कडवं मी असं लिहिलं होतं:

मागुती जानकी / धनुष्य खांद्याला / लक्ष्मणही निघाला / भावापाठी

तिसरा चरण मोजा: ल-क्ष्म-ण-ही-नि-घा-ला. सात! चाल तीच, पण ‘णही’ एका अक्षराच्या जागेत कोंबावं लागलं. मी घाईत पुढे गेलो, टाळकरी मागे राहिले. एखादं अक्षर कमी असतं तर स्वर ओढून निभावलं असतं. जास्तीच्या अक्षराला मात्र जागाच नसते.

उपाय अगदी छोटा. ‘ही’ काढला: ‘लक्ष्मण निघाला’. सहा. अर्थ तोच राहिला, ‘खांद्याला’शी यमकही टिकलं.

म्हणजे चाल सगळ्या कडव्यांना बसते, कारण कवीने ती जागा आधीच मोजून ठेवलेली असते. तुम्ही लिहिलंत, तर बोटांवर मोजाच, पण गुणगुणत मोजा. जिथे जीभ घाई करेल, तिथे सातवं अक्षर लपलेलं असेल. भेटू पुढच्या भागात!