व्यापारी गुपित

व्यापारी गुपित म्हणजे गुप्त असल्यामुळेच जिला व्यापारी मूल्य आहे आणि जी गुप्त ठेवण्यासाठी मालकाने वाजवी काळजी घेतली आहे अशी माहिती. उत्पादनाची कृती, यंत्रांची मांडणी, प्रक्रियेतील तापमान व प्रमाण, ग्राहकांची तपशीलवार यादी यांचा त्यात समावेश होऊ शकतो. यालाच व्यापार रहस्य असेही म्हणतात.

## पेटंटशी तुलना

पेटंट घेणाऱ्याला आपला शोध अर्जात संपूर्ण उघड करावा लागतो. हा अर्ज सामान्यतः १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. मोबदल्यात त्याला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे एकाधिकार मिळतो. त्यानंतर तो शोध सर्वांना खुला होतो. व्यापारी गुपिताची नोंदणी करावी लागत नाही व त्याला मुदतही नसते. मात्र हे संरक्षण केवळ विश्वासभंगाविरुद्ध असते. प्रतिस्पर्ध्याने स्वतंत्रपणे तोच शोध लावला, किंवा बाजारातून वस्तू विकत घेऊन व तिचे पृथक्करण करून कृती ओळखली, तर त्याला रोखता येत नाही. त्यामुळे विकलेल्या वस्तूवरून ओळखता येणाऱ्या शोधाला पेटंट अधिक उपयोगी ठरते, तर कारखान्याच्या आतच राहणाऱ्या प्रक्रियेला गोपनीयता सोयीची असते.

## भारतातील कायदेशीर आधार

भारतात व्यापारी गुपितांचे संरक्षण करार आणि समन्यायाच्या तत्त्वांवर आधारलेले आहे. त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०२४ मधील आपल्या २८९ व्या अहवालात केली. न्यायालयात वादीला साधारणपणे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: माहिती खरोखर गोपनीय होती, ती विश्वासाने सोपवली गेली होती आणि तिचा परवानगीविना वापर झाला किंवा होण्याचा धोका आहे. गोपनीय माहिती नेमकी कोणती, हे वादीला स्पष्टपणे सांगता आले पाहिजे.

## कल्याण येथील खटला

निरंजन शंकर गोलिकारी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी हा या विषयावरील महत्त्वाचा निवाडा आहे. कंपनीच्या कल्याण येथील कारखान्यात टायरसाठी लागणाऱ्या रेयॉन धाग्याचे उत्पादन होणार होते. त्याचे तंत्रज्ञान १९६१ मधील कराराने एका डच व एका जर्मन कंपनीकडून मोबदला देऊन घेण्यात आले. ही माहिती गुप्त ठेवावी आणि कर्मचाऱ्यांकडूनही तशी हमी घ्यावी, अशी त्या करारात अट होती.

त्यानुसार १९६३ मध्ये नेमलेल्या एका पाळी पर्यवेक्षकाशी पाच वर्षांचा करार झाला. नोकरीत असताना व नंतरही माहिती गुप्त ठेवणे, तसेच मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास उरलेल्या काळात प्रतिस्पर्ध्याकडे तसेच काम न करणे, या त्यातील मुख्य अटी होत्या. प्रशिक्षण घेतल्यानंतर १९६४ मध्ये त्याने नोकरी सोडली व कोटा येथील रेयॉन कंपनीत अधिक पगारावर काम स्वीकारले. कंपनीने कल्याणच्या न्यायालयात दावा दाखल करून १५ मार्च १९६८ पर्यंतचा मनाई हुकूम मिळवला. उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. मनाई कराराच्या उरलेल्या मुदतीपुरती व त्याच प्रकारच्या कामापुरती असल्यामुळे ती वाजवी ठरली.

## मर्यादा

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार, अपवाद वगळता, रद्दबातल असतो. त्यामुळे सेवाकाल संपल्यानंतर प्रतिस्पर्ध्याकडे नोकरी करू नये, ही अट सामान्यतः टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकू शकते. कर्मचाऱ्याने अनुभवातून मिळवलेले कौशल्य त्याचे स्वतःचे असते; मालकाची विशिष्ट कृती किंवा नोंदवही त्याची नसते. अनेक वाद ही सीमा कोठे आखावी यावरच होतात.

## गोपनीयता टिकवण्याचे उपाय

कल्याणच्या कंपनीची बाजू भक्कम ठरण्यात लेखी करारांच्या साखळीचा मोठा वाटा होता. अशी साखळी उभारण्यासाठी प्रथम गुपित माहितीची यादी केली जाते, कारण सर्वच कागदांवर ‘गोपनीय’ असा शिक्का मारल्यास खरे गुपित कोणते हे सिद्ध करणे अवघड जाते. त्यानंतर ज्याला कामासाठी गरज आहे त्यालाच माहिती दिली जाते. कृतीचे टप्पे वेगवेगळ्या व्यक्तींकडे विभागता येतात आणि कागदपत्रे कोणी, केव्हा पाहिली याची नोंद ठेवता येते. पुरवठादार, यंत्रदुरुस्ती करणारे व संभाव्य भागीदार यांच्याशी गोपनीयता करार माहिती देण्यापूर्वीच करावा लागतो. माहिती देऊन झाल्यावर केलेल्या कराराचा उपयोग मर्यादित असतो. नोकरी सोडणाऱ्याकडून कागदपत्रे व संगणकीय प्रती परत घेऊन त्याला त्याच्या जबाबदारीची लेखी आठवण दिली जाते.

माहिती फुटल्याचे कळताच मनाई हुकमासाठी अर्ज करणे आवश्यक असते. माहिती एकदा सार्वजनिक झाली की नुकसानभरपाई मिळू शकते, पण गुपित पुन्हा गुपित होत नाही.