रेपो उतरला, कर्ज का वाढले नाही? : एक प्रस्तावना

१५ जानेवारी २०१५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ८ टक्क्यांवरून ७.७५ टक्के केला. तिथून तो टप्प्याटप्प्याने उतरत गेला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये ६ टक्क्यांवर आला. अडीच वर्षांत दोन टक्क्यांची कपात लहान नव्हे. पतधोरणाची पाठ्यपुस्तके सांगतात की अशा वेळी बँकांना पैसा स्वस्त मिळतो, त्या कर्जाचे व्याज उतरवतात आणि कर्जे वाढतात. प्रत्यक्षात या काळात कर्जवाढीचा वेग कित्येक दशकांत पाहिला नव्हता इतका मंदावला. सरकारी बँकांत तर कर्जे जवळपास जागच्या जागी राहिली. खासगी बँका मात्र त्याच वेळी जोमाने कर्जे देत होत्या. रेपो दर दोघींना एकच होता, बाजारही एकच होता. मग हा फरक आला कुठून?

याचे पूर्ण उत्तर एका कारणात मावत नाही, पण उत्तराचा मोठा भाग बँकांच्या भांडवलात आहे. भांडवलाचे नियम आणि पतधोरण यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो, हा या अभ्यासक्षेत्राचा गाभा. त्यात नव्याने येणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. बँकेचे भांडवल म्हणजे तिजोरीत बाजूला काढून ठेवलेली रोकड नव्हे. बँक लोकांच्या ठेवी घेऊन कर्जे देते. त्या कर्जांतला जो हिस्सा ठेवींतून न येता भागधारकांच्या पैशातून आणि साठलेल्या नफ्यातून आलेला असतो, ते भांडवल. कर्ज बुडाले तर पहिला फटका हे भांडवल सोसते, ठेवीदार नंतर. म्हणून नियामक म्हणतो की जोखीम लक्षात घेऊन मोजलेल्या कर्जांच्या अमुक टक्के तरी भांडवल हवेच. १९८८ च्या पहिल्या बासल कराराने हे प्रमाण ८ टक्के ठरवले. भारताने ते ९ टक्के ठेवले. जागतिक आर्थिक संकटानंतर आलेल्या बासल-३ नियमांनी त्यावर आणखी अडीच टक्क्यांचा राखीव थर चढवला.

आता दोन बँका घेऊ. दोघींनी प्रत्येकी १००० कोटींची कर्जे दिली आहेत आणि सोयीसाठी सर्व कर्जांचा जोखीमभार १०० टक्के धरू. पहिलीचे भांडवल १४० कोटी आहे, दुसरीचे १०० कोटी. नियम ९ टक्क्यांचा असेल तर दुसऱ्या बँकेला ९० कोटी पुरतात. तिच्याकडे १० कोटी जास्त आहेत आणि त्यांच्या बळावर ती आणखी साधारण १११ कोटींची कर्जे देऊ शकते. रेपो उतरला, ठेवी स्वस्त झाल्या, तर ती ही जागा वापरेल. म्हणजे धोरण तिच्यापर्यंत पोचले.

नियम १०.२५ टक्क्यांचा झाला की तिला १०२.५ कोटी लागतात. कालची १११ कोटींची मोकळी जागा गेली आणि अडीच कोटींची तूट उभी राहिली. पहिल्या बँकेकडे अजूनही साडेतीनशे कोटींहून जास्त जागा शिल्लक आहे. आता रेपो पाव टक्का उतरला काय किंवा एक टक्का उतरला काय, दुसऱ्या बँकेच्या वागण्यात फारसा फरक पडणार नाही. तिला पैसा महाग पडत होता म्हणून ती थांबली नव्हती. थांबली ती भांडवल नाही म्हणून. व्याजदर कर्जाची किंमत बदलतो, पण कर्ज देण्याची ऐपत भांडवल ठरवते. कमी भांडवलाच्या बँकेत दरकपातीची धार बोथट होते ती नेमकी इथे.

यात थकीत कर्जाची भर घाला. समजा तिची ६० कोटींची कर्जे थकली आणि १५ टक्के दराने ९ कोटींची तरतूद करावी लागली. नफा नसेल तर ही रक्कम थेट भांडवलातून जाते आणि भांडवल ९१ कोटींवर येते. बाकी सारे तसेच धरले, तर १०.२५ टक्क्यांच्या नियमाला ९१ कोटींच्या भांडवलावर सुमारे ८८८ कोटींचीच कर्जे बसतात. ९ कोटींच्या फटक्यामुळे कर्जे आणखी सुमारे ८८ कोटींनी आवरावी लागतात. नुकसान किती पटींनी वाढते ते नीट पाहावे. या विषयातली बरीचशी भांडणे या पटीवरच होतात.

ही आकडेमोड मी मुद्दाम भारताच्या त्या अडीच वर्षांतली घेतली आहे. आपल्याकडे बासल-३ चा राखीव थर एकदम आला नाही, दरवर्षी ०.६२५ टक्क्याने चढत गेला. मार्च २०१६ ला एकूण गरज ९.६२५ टक्के झाली, मार्च २०१७ ला १०.२५ आणि मार्च २०१८ ला १०.८७५. म्हणजे एकीकडे रेपो उतरत होता आणि त्याच सुमारास भांडवलाची पातळी वर चढत होती. त्यातच २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या मालमत्तेची कसून तपासणी केली. वर्षानुवर्षे नवे कर्ज देऊन जुने फेडल्याचे दाखवलेली खाती उघडी पडली. मार्च २०१८ पर्यंत बँकिंग व्यवस्थेतली ढोबळ थकीत कर्जे ११ टक्क्यांच्या वर गेली आणि सरकारी बँकांत हे प्रमाण १४ टक्क्यांहून अधिक झाले. तरतुदींनी नफा खाल्ला आणि भांडवलही कुरतडले.

अशी बँक मग करते काय? तिच्याकडे पैसा नसतो असे नाही. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर तर ठेवींचा पूर आला होता. ती त्या पैशातून सरकारी रोखे घेते, कारण त्यांवर पतजोखमीचा भार शून्य. कर्ज द्यायचेच तर गृहकर्जाकडे वळते, कारण त्यावरचा भार कारखान्याला दिलेल्या विनामानांकित कर्जापेक्षा बराच कमी. भोसरी किंवा इचलकरंजीतला छोटा उद्योजक कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागायला शाखेत जातो, तेव्हा मॅनेजर त्याचा ताळेबंद तपासतोच; पण त्या प्रस्तावाला किती भांडवल लागेल हा हिशेब वर मुख्यालयात झालेला असतो. आणि ही बँक ठेवीचे दर जितक्या तत्परतेने उतरवते तितक्या तत्परतेने कर्जाचे दर उतरवत नाही. मधला फरक तिला नफा म्हणून हवा असतो, कारण भांडवल पुन्हा उभे करण्याचा तोच तिच्या हातातला मार्ग. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या अंतर्गत अभ्यासगटाला असे आढळले, की आधारभूत दर आणि एमसीएलआर काढताना बँका मनमानी फेरफार करत होत्या. त्यामागे इतर कारणेही होती, पण अशक्त ताळेबंदाचा दाब त्यात होता असे मला वाटते.

नियमाच्या बारकाव्यात एक गोष्ट लक्षात ठेवावी. राखीव थरात तूट आली तर कर्ज देण्यावर बंदी येत नाही. लाभांश आणि बोनसवर मर्यादा येते. तरीही बँका त्या रेषेच्या बऱ्याच अलीकडे थांबतात, कारण बाजार आणि नियामक दोघेही तिकडे डोळे लावून असतात. म्हणून अभ्यासकाने भांडवलाचे प्रमाण नुसते पाहू नये. नियमाच्या रेषेपासून बँक किती दूर आहे ते अंतर पाहावे.

इथे कुणी विचारील की कर्जे वाढली नाहीत ती मागणीच नव्हती म्हणून कशावरून नाही? हा आक्षेप रास्त आहे आणि या क्षेत्रातले बहुतेक चांगले काम त्याच्याशी झुंजण्यात गेले आहे. पोलाद, वीज, रस्ते या क्षेत्रांतल्या कंपन्या तेव्हा आधीच कर्जात बुडालेल्या होत्या आणि नोटाबंदीने छोट्यांची मागणीही मारली. मागणी व पुरवठा वेगळे काढण्याची एक सुंदर रीत ख्वाजा आणि मियां यांनी २००८ च्या लेखात दाखवली. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर पाकिस्तानात डॉलर ठेवी गोठवल्या गेल्या आणि काही बँकांची रोखता इतरांपेक्षा जास्त आटली. त्यांनी एकाच कंपनीला दोन वेगवेगळ्या बँकांनी दिलेली कर्जे शेजारी ठेवली. कंपनी तीच, तिची मागणीही तीच. तरी एका बँकेने हात आखडला असेल तर कारण बँकेत आहे. तिथे प्रश्न रोखतेचा होता, पण भांडवलाचा परिणाम मोजणाऱ्यांनीही पुढे हीच रीत वापरली. अमेरिकी बँकांवर किशन आणि ओपिएला यांनी २००० आणि २००६ मध्ये केलेले काम तर थेट आपल्या प्रश्नाचे आहे. दर वाढले की कमी भांडवलाच्या बँका इतरांपेक्षा जास्त आकसतात. दर उतरले की मात्र त्यांची कर्जे तशी वाढत नाहीत. धोरणाचा परिणाम दोन्ही दिशांना सारखा नसतो, हे त्यातून पुढे आले.

या तर्काला मर्यादाही आहेत. दर उतरले की बँकेकडच्या जुन्या रोख्यांची किंमत वाढते, त्या विक्रीतून नफा होतो आणि भांडवलाला थोडा आधार मिळतो. म्हणजे कपात अशक्त बँकेला अगदीच निरुपयोगी ठरत नाही, फक्त तिचा गुण वळणाच्या वाटेने आणि उशिरा येतो.

भारताच्या प्रकरणाचा शेवटही शिकण्यासारखा आहे. एप्रिल २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशक्त बँकांवरील निर्बंधांची चौकट, म्हणजे पीसीए, कडक केली. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यात आली. मुंबईच्या देना बँकेला तर मे २०१८ मध्ये नवी कर्जे देण्यासच मनाई झाली. त्याआधी ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारने सरकारी बँकांसाठी २.११ लाख कोटींच्या भांडवलाची योजना जाहीर केली होती. बँक ऑफ महाराष्ट्र जानेवारी २०१९ मध्ये चौकटीतून बाहेर पडली. देना बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली. दरम्यान सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात भांडवलाच्या अटी सैल कराव्यात की नाही यावरून वाद पेटला. १९ नोव्हेंबर २०१८ च्या बैठकीत ९ टक्के कायम राहिले आणि राखीव थराचा शेवटचा टप्पा एक वर्ष पुढे गेला.

माझे मत स्पष्ट सांगतो. कडक नियमांमुळे दरकपात बोथट होते हे खरे, पण त्यावरून नियम सैल करावेत हा निष्कर्ष चुकीचा आहे. गांबाकोर्ता आणि शिन यांनी प्रगत देशांतल्या बँकांचा अभ्यास करून दाखवले, की जास्त भांडवलाच्या बँकेला पैसा स्वस्त मिळतो आणि तिची कर्जेही जास्त वेगाने वाढतात. दुखते ते नियमापर्यंत पोचण्याच्या वाटेवर, विशेषतः बँक आधीच रिकामी असताना. २०१५ नंतरची चूक नियम आणण्यात नव्हती. थकीत कर्जे उघड करणे आणि भांडवल भरणे यांच्यात दोन वर्षांचे अंतर पडू दिले, यात होती.

पुढच्या वेळी रिझर्व्ह बँक रेपो दर उतरवेल तेव्हा वाचकाने एक करावे. आपल्या बँकेच्या संकेतस्थळावर बासल-३ ची प्रकटने असतात. त्यांतला भांडवल पर्याप्ततेचा आकडा घ्यावा आणि त्यातून नियमाची टक्केवारी वजा करावी. उरलेला आकडा दोन बँकांसाठी काढून शेजारी ठेवला, की त्या कपातीला कोण प्रतिसाद देईल याचा पहिला अंदाज हाती येतो.