स्पाइक प्रथिन (करोना विषाणू)

करोना विषाणू (सार्स-कोव्ह-२) ज्याच्या साहाय्याने मानवी पेशीला चिकटतो आणि आत शिरतो, ते त्याच्या आवरणावरील काट्यासारखे प्रथिन. प्रत्येक काटा तीन सारख्या साखळ्यांचा असतो व प्रत्येक साखळीत १,२७३ अमिनो आम्ले असतात. साखळीचा एस-१ हा भाग पेशी पकडतो, तर एस-२ विषाणूचे आवरण पेशीच्या पटलात मिसळवतो. एस-१ मधील ग्राहीबंधक क्षेत्र वर उचललेले असेल तरच ते पेशीवरील एसीई-२ या ग्राहीला धरू शकते. पकड बसल्यावर पेशीवरील टीएमपीआरएसएस-२ हे विकर एस-२ ला छेद देते. मग एस-२ चे टोक पटलात रुतते, प्रथिन दुमडते आणि दोन्ही आवरणे एक होतात. एस-१ व एस-२ यांच्या सांध्यावरचा छेद मात्र त्याआधीच, विषाणू ज्या पेशीत तयार झाला तिथे, फ्युरिन या विकराने दिलेला असतो.

ग्राहीची पकड आणि फ्युरिनचा छेद या दोन्ही पायऱ्यांत बदल झाल्यास काय होते, ते महाराष्ट्रात दिसले. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यातील नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे बदल वाढल्याचे जाहीर केले. वृत्तपत्रांनी त्याला 'डबल म्युटंट' म्हटले. हे नाव फसवे होते, कारण बदल दोनाहून अधिक होते. ४५२ व ४८४ ही स्थाने ग्राहीबंधक क्षेत्रात येतात, आणि अनेक प्रतिपिंडे नेमकी तिथेच बसतात. ६८१ व्या स्थानी प्रोलिनऐवजी आर्जिनिन आल्याने फ्युरिनचा छेद अधिक सहज होऊ लागला. याच कुळातील डेल्टामध्ये ई४८४क्यू नव्हता. त्याऐवजी टी४७८के होता. तरी जगभर पसरला तो डेल्टाच. प्रतिपिंडांना चुकवणे हेच विषाणूच्या यशाचे एकमेव कारण नसते, हे त्यावरून कळते.

प्रतिपिंडाचा बंध किती उपयोगी आहे हे निष्प्रभीकरण चाचणीत कळते. रक्तद्रव पातळ करत नेतात, त्यात जिवंत विषाणू मिसळून पेशींच्या थरावर टाकतात आणि मेलेल्या पेशींचे डाग मोजतात. डाग निम्मे करणारी विरलता म्हणजे त्या रक्तद्रवाची मात्रा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या अभ्यासात कोव्हॅक्सिन घेतलेल्यांच्या रक्तद्रवाची ही मात्रा डेल्टाविरुद्ध २.७ पट घटली होती. घट म्हणजे संरक्षण संपणे नव्हे. चाचणीत टी-पेशींचा वाटा दिसतच नाही. एकाच स्थानावर बसणारे औषधी प्रतिपिंड मात्र एका बदलानेही निकामी होऊ शकते. बामलानिव्हिमॅबचे एल४५२आरपुढे तसेच झाले.

लसी यामुळेच काट्याच्या अनेक भागांवर प्रतिपिंडे उमटतील अशा ठेवल्या जातात. कोव्हिशील्ड पेशींना पूर्ण स्पाइक बनवायला लावते, तर कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा निष्क्रिय विषाणू असतो. काही एम-आरएनए लसींत ९८६ व ९८७ या जागी प्रोलिन बसवून काटा दुमडण्यापूर्वीच्या आकारात रोखला आहे. पेशीत शिरण्याआधीचा हाच आकार प्रतिपिंडांना ओळखावा लागतो. दुमडून गेलेल्या काट्याविरुद्धची प्रतिपिंडे संसर्ग अडवायला फारशी कामाची नसतात. एस-२ प्रकारागणिक कमी बदलतो, म्हणून तो सर्वसमावेशक लसीसाठी मोहक वाटतो. पण त्यावरची बहुतेक प्रतिपिंडे विषाणूला क्षीणपणेच रोखतात.